डाव्या बॅकची जागा

रविवारी सकाळी मी अजून फुटबॉल खेळतो. गुडघे नको म्हणतात, बायको तर स्पष्टच नको म्हणते, तरी जातो. सरावलीतल्या आमच्या खोलीपासून मैदान सायकलवर जवळच आहे आणि घरात बसून तरी काय दिवे लावणार आहे मी? माझी जागा इतक्या वर्षांत बदललेली नाही. बचावातले मधले दोघे असतात, त्यातला डावीकडचा मी. चेंडू पायात आला की मी मान वर करतो आणि मधल्या वर्तुळाच्या अलीकडे, किंचित डावीकडे, एका जागेकडे बघतो. तिथे कुणी नसतं. आमचा आत्ताचा डावा बॅक चांगला गडी आहे, पळतो भरपूर, पण रेषेला चिकटून उभा राहतो. मागच्याच महिन्यात मी त्या रिकाम्या जागेवर सरळ पास देऊन टाकला. "काका, कुणाला दिला?" त्याने विचारलं. मी म्हटलं, पाय घसरला.

पाय घसरला नव्हता. तो पास ज्याचा होता तो आता इथे नाही, एवढंच.

तो माहीमचा. म्हणजे केळव्याजवळच्या माहीमचा, नारळाच्या आणि पानवेलींच्या वाडीतला. मी सोलापूरकडचा, नोकरीसाठी बोईसरला आलो आणि इथलाच झालो. तारापूरच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका रसायनांच्या कारखान्यात आम्ही दोघंही ऑपरेटर होतो. आमच्या कारखान्यात तीन पाळ्या चालायच्या, आणि पाळ्यांचं चक्र कसंही फिरलं तरी त्याच्यानंतर माझी पाळी यायची. त्याने कंट्रोल पॅनेल सोडायचं आणि मी धरायचं. मी त्याचा रिलीव्हर.

आमच्या कामात एक नियम आईच्या दुधासारखा पाजलेला असतो. रिलीव्हर आल्याशिवाय जागा सोडायची नाही. रिअॅक्टरमध्ये माल शिजत असतो, तापमान वर-खाली होत असतं, आणि "तो येईलच आता" असं धरून चालून कुणी उठला तर पुढचं देवालाच ठाऊक. म्हणून रिलीव्हर समोर येऊन उभा राहतो, काय चालू आहे ते ऐकून घेतो, आणि म्हणतो, "चार्ज घेतला." मगच पहिल्याने हेल्मेट काढायचं. माझा हा दोस्त या बाबतीत फारच कडक. एकदा माझी बस बंद पडली आणि मी पोचलोच नाही, तर पठ्ठ्याने निमूटपणे डबल पाळी केली. दुसऱ्या दिवशी मला एवढंच म्हणाला, "तुमी घाटावरची माणसा, तुमची बस पन तुमच्यासारखीच." वर वाडीतले दोन नारळ माझ्या पिशवीत टाकले. त्याचा राग असाच असायचा.

मैदानावर तो डावा बॅक आणि मी त्याच्या शेजारचा मधला बचावपटू. कारखान्यांच्या टीमची एक स्पर्धा दर हिवाळ्यात व्हायची आणि दर हिवाळ्यात आम्हाला तीच एक टीम हरवायची. त्यांचं कौतुक करायला जीभ वळत नाही, पण करतो. ते पुढे दोन फॉरवर्ड लावायचे आणि त्या दोघांचं काम ठरलेलं होतं. आमच्या मधल्या दोघांपैकी ज्याच्या पायात चेंडू असेल त्याच्या अंगावर एकजण यायचा. दुसरा मागे सरकून बचावाच्या पुढ्यात खेळणाऱ्या आमच्या मधल्या हाफला झाकायचा. मग आम्हाला पास द्यायला उरायचा कोण? रेषेजवळचा बॅक. त्याला दिला की त्यांचा बाजूचा हाफ धावून यायचा. एका बाजूला हा हाफ, दुसऱ्या बाजूला चुन्याची रेषा, आणि रेषेपलीकडे काही कुणी पास घ्यायला उभा नसतो. चेंडू गेलाच म्हणायचा.

त्या वर्षी आम्हाला शिकवायला पालघरहून एक निवृत्त क्रीडाशिक्षक यायला लागले. आम्ही त्यांना सर म्हणायचो. पाळ्यांमुळे अकराच्या अकरा जण सरावाला कधी जमले नाहीत, म्हणून जो हजर नसेल त्याच्या जागी त्याचं हेल्मेट ठेवायची आमची पद्धत होती. पहिल्या दिवशी सर आले तेव्हा मैदानावर सहा माणसं आणि पाच पिवळी हेल्मेटं होती. त्यांनी शांतपणे आणखी दोन लाल हेल्मेटं मागवून घेतली आणि पुढे ठेवली.

"हे त्यांचे दोन फॉरवर्ड," ते म्हणाले. "तुम्ही मागे दोघं आणि पुढे तुमचा एक हाफ. म्हणजे दोघांना बघायला तुम्ही तिघं. एक चेंडूवर जातो, एक हाफला झाकतो, आणि तिसऱ्याकडे चेंडू जाईपर्यंत पहिला तिथे पोचतो. सोपं काम आहे त्यांचं. आता मी ते अवघड करतो."

त्यांनी उजव्या बॅकला पुढे जाऊ न देता आत, मधल्या दोघांच्या ओळीत घेतलं. मला डावीकडे रेषेच्या दिशेने सरकवलं. मागे आता आम्ही तिघं झालो, पसरून उभे. आणि डाव्या बॅकला, माझ्या दोस्ताला, त्यांनी हात धरून रेषेवरून उचललं आणि मध्यभागी, हाफच्या शेजारी, त्या लाल हेल्मेटांच्या पाठीमागे नेऊन उभं केलं.

"मोजा आता," सर म्हणाले. "मागे तीन, मध्ये दोन. पाच जणांकडे दोन माणसांनी कसं बघायचं?"

आम्ही मोजून बघितलं. दोन्ही लाल हेल्मेटं मधल्या दोघांना झाकायला मागे गेली, तर आमच्यापैकी कुणीही चेंडू घेऊन सरळ पुढे चालत जाईल. ती आमच्या अंगावर आली, तर त्यांच्या पाठीमागे दोघं मोकळे. एक पुढे आणि एक मागे राहिला, तर मधल्या दोघांतला एक तरी सुटतोच.

"त्यांचा बाजूचा हाफ याच्या मागोमाग आत आला तर?" मी विचारलं. शंका काढणं हा माझा स्वभाव.

"येऊ दे की. मग रेषेवर पुढे तुमचा विंगर एकटा आहे, तू सरळ त्याला दे. आणि त्यांचा मधला हाफ वर आला तर त्याच्या मागे खड्डा पडतो, तिथे तुमचा पुढचा माणूस उभा आहे. एकाला झाकायला गेले की दुसरा उघडा पडतो. पांघरूण तोकडं आहे त्यांचं."

माझा दोस्त त्या मधल्या जागेवर उभा राहून चारी बाजूंना बघत होता. आयुष्यभर तो रेषेवर खेळलेला, एका बाजूला कायम भिंत असल्यासारखा. "इथना सगला मैदान दिसता रे," तो मला म्हणाला. त्याचा चेहरा मी विसरणार नाही. तिशी उलटलेला, पोरीचा बाप असलेला माणूस, पण पहिल्यांदा समुद्र बघितल्यासारखा उभा होता. आणि हे मी समुद्राशेजारी जन्मलेल्या माणसाबद्दल सांगतोय.

त्याच आठवड्यात त्याला कळलं की कंपनी गुजरातेतल्या नव्या कारखान्यात जुने ऑपरेटर पाठवणार आहे आणि यादीत त्याचं नाव आहे. बायको-पोरीला घेऊन जायचं, हिवाळा संपता संपता. म्हणजे ही स्पर्धा त्याची शेवटची. वाडी सोडून जायचं त्याच्या जिवावर आलं होतं, पण त्याबद्दल तो चकार शब्द काढायचा नाही. एकच बोलायचा, "जायच्या आदी एकदा तरी मला आतमदी खेलायचा हाय. नीट. त्यांच्याच समोर." मलाही तेच हवं होतं. त्याला थांबवणं माझ्या हातात नव्हतं, निदान हे तरी त्याला मिळावं.

पण घोडं अडलं ते भलत्याच ठिकाणी. सरावात तो आत जायचाच नाही. म्हणजे जायचा, पण उशिरा. चेंडू उजवीकडे असतानाच, दोन्ही फॉरवर्ड तिकडे बघत असतानाच त्याने आत सरकायचं होतं, म्हणजे चेंडू फिरून माझ्याकडे येईपर्यंत तो त्यांच्या पाठीमागे तयार असेल. हा मात्र रेषेवर उभा राहून मान वळवून मागे-पुढे बघायचा. मग पाऊल टाकायचा, तोवर वाट बंद. सर ओरडले, समजावलं, पुन्हा हेल्मेटं मांडली. पालथ्या घड्यावर पाणी.

"कुणाला शोधतोस तू?" शेवटी सर वैतागले.

तो ओशाळला. "सर, मी गेल्यावर हितं कोन हाय? कोनतरी आला म्हंजे जातो."

मला हसू फुटलं आणि लगेच थांबलं. तो रिलीव्हरची वाट बघत होता. विंगर मागे येऊन त्याची जागा धरेल, मग हा सोडेल. इतकी वर्षं अंगात मुरलेला नियम चार दिवसांत कसा निघणार? खरं सांगायचं तर आमच्यातल्या निम्म्या लोकांनी मनातल्या मनात मान डोलावली. जागा अशी कशी मोकळी सोडायची?

सरांना कारखान्याचं काही माहीत नव्हतं, म्हणून मी सांगितलं. ते माझ्याकडे बोट दाखवून त्याला म्हणाले, "तुझा रिलीव्हर हा आहे. तो पुढून नाही, आतून येतो. तू आत गेलास की हा बाहेर सरकतो. तुझी जागा मोकळी राहतच नाही."

"तो तर माझा रिलीव्हर हायच," माझा दोस्त म्हणाला, आणि खुशीत हसला.

मग आम्ही आमचीच युक्ती काढली. मी बाहेर सरकायला लागलो की ओरडायचो, "चार्ज घेतला!" आणि तो सुटल्यासारखा आत जायचा. काय चालला तो! मधे चेंडू घ्यायचा, अर्धा वळायचा आणि पुढे द्यायचा. साधीच गोष्ट, पण त्याच्या पायात ती शोभायची. सर नाक मुरडायचे, "ओरडून खेळतात का कुठे?" पण त्याच ओरडण्यावर आम्ही अंतिम सामन्यापर्यंत पोचलो. त्या आठवड्यांतल्यासारखी सकाळ मला परत मिळाली नाही. त्याची दुसरी पाळी आणि माझी तिसरी असली की दोघांनाही सकाळ मोकळी असायची. सराव संपला की आम्ही मैदानाच्या कडेला पाय पसरून बसायचो. तो वाडीतली केळी काढायचा, मी घरची शेंगाचटणी आणि भाकरी. केळ्याला चटणी लावून खाणारा मी पाहिलेला तो एकमेव माणूस. गुजरातचा विषय दोघंही काढायचो नाही.

अंतिम सामना अर्थातच त्याच टीमशी. आम्ही एक गोष्ट विसरलो होतो, ती म्हणजे तीसुद्धा कारखान्याचीच माणसं होती. "चार्ज घेतला" म्हणजे काय हे त्यांना कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. पहिल्या दोन वेळा ते गांगरले. तिसऱ्या वेळी मी ओरडलो आणि त्यांचा बाजूचा हाफ माझ्या दोस्ताच्याही आधी आत धावला. मी रेषेवरच्या आमच्या मोकळ्या विंगरला द्यायला हवा होता. पण नजर सवयीने आत गेली आणि पासही आतच गेला. त्यांच्या हाफने तो मधेच तोडला. मी बाहेर पसरलेलो, दोस्त आत अडकलेला, मागे दोघंच आणि समोरून त्यांचे दोन फॉरवर्ड. गोल झाला.

मध्यंतराला आम्ही पाणी पीत सरांभोवती बसलो. सर म्हणाले, "आता ओरडायचं नाही."

"मंग मला समजनार कसा?" माझ्या दोस्ताने विचारलं. आवाजात खरीखुरी भीती होती.

"समजायचं नाही. तो तिथे आहे असं धरून चालायचं."

धरून चालायचं! आमच्या कामात याहून मोठा गुन्हा नाही. दोस्ताने माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "एकदा बस बंद पडली रे. परत पडणार नाही."

उत्तरार्धात बराच वेळ तो रेषेवरच राहिला. दोनदा निघाला, मान वळवली, थांबला. मला वाटलं, संपलं, हा असाच जाणार गुजरातला. मग एकदा चेंडू आमच्या उजवीकडच्या मधल्या बचावपटूकडे होता. त्यांचे दोन्ही फॉरवर्ड तिकडे झुकले होते. मी डावीकडे नजर टाकली आणि माझा दोस्त रेषेवर नव्हता. तो आत चालला होता. पळत नव्हता, चालत होता, सरळ पुढे बघत. मान वळली नाही. मी जीव तोडून बाहेर सरकलो. चेंडू माझ्याकडे आला. एक फॉरवर्ड माझ्यावर धावला, दुसरा आमच्या हाफला झाकून उभा. त्यांचा बाजूचा हाफ माझ्या ओरडण्याकडे कान लावून रेषेवर आमच्या विंगरजवळच थांबलेला. आणि धावत येणाऱ्या फॉरवर्डच्या पाठीमागे, बरोबर त्या जागी, तो एकटा उभा होता. इतका मोकळा की मला क्षणभर पास द्यायचंच सुचेना.

दिला. त्याने अंगाने अर्धं वळत घेतला. त्यांचा मधला हाफ घाईने वर आला, तशी त्याच्या मागची जागा उघडी पडली आणि दोस्ताने चेंडू तिथे सारला. आमच्या पुढच्या माणसाने गोल केला, पण मला तो नीट दिसलाही नाही. मी दोस्ताकडे बघत होतो. तो दोन्ही हात कमरेवर ठेवून, एवढ्या मैदानाच्या मध्यात, चारी बाजूंना बघत उभा होता.

पुढे टायब्रेकरमध्ये हरलो. सर सोडून कुणालाच फारसं वाईट वाटलं नाही. परतताना तो माझ्या सायकलच्या कॅरिअरवर बसला होता. म्हणाला, "झाला रे." मी म्हटलं, "झालं." त्याहून जास्त बोलणं आम्हा दोघांनाही झेपलं नसतं.

त्याचा शेवटचा दिवस पहिल्या पाळीचा होता, म्हणजे तीन वाजता मी त्याला सोडवायचं. मी नेहमी थोडा आधीच पोचतो. त्या दिवशीही पोचलो, पण आत गेलो नाही. गेटसमोरच्या टपरीवर चहा घेतला. मग दुसरा घेतला. मला चहा नको होता. एवढंच कळत होतं की मी आत जात नाही तोवर त्याला जागा सोडता येणार नाही. नियमच तसा आहे. मी इथेच बसलो तर तो तिथेच बसेल, पॅनेलसमोर, हेल्मेट घालून. गुजरात थांबेल, टेम्पोत भरलेलं सामान थांबेल, सगळं थांबेल. टपरीवाल्याने तिसरा विचारला तेव्हा मी उठलो.

तो पॅनेलसमोर बसला होता. "आलास? मला वाटला आज पन डबल करवतोस." उशीर का झाला हे त्याने विचारलं नाही. मला वाटतं त्याला ठाऊक होतं. मग त्याने नेहमीसारखं सगळं सांगितलं. पहिल्या रिअॅक्टरचं तापमान, तिसऱ्यात माल कधी भरला, दुसरा पंप जरा कण्हतोय त्याच्याकडे लक्ष ठेव. मी ऐकलं. एकदा ऐकलं तरी पुन्हा विचारलं. त्याने पुन्हा सांगितलं. शेवटी विचारायला काही उरलं नाही.

"बोल की मंग," तो म्हणाला.

"चार्ज घेतला."

त्याने हेल्मेट काढून खुंटीला अडकवलं, माझ्या पाठीवर एक जोरात थाप मारली आणि बाहेर पडला. कंट्रोल रूमच्या काचेतून गेटपर्यंतचा रस्ता सरळ दिसतो. मी पॅनेलवर हात ठेवून त्याच्याकडे बघत उभा होतो. तो मैदानात चालला होता तसाच चालला, न पळता, पुढे बघत. पाइपांच्या खालून गेला, गेट ओलांडलं, आणि त्याची मान एकदाही वळली नाही. त्या हिवाळ्यात आम्ही सगळ्यांनी मिळून त्याला तेच तर शिकवलं होतं, की मागे मी आहे असं धरून चाल आणि वळून बघू नकोस. किती मेहनत घेतली होती त्यासाठी. आणि आता काचेला नाक लावून मी मनात एकच म्हणत होतो, एकदा, फक्त एकदा तरी जुनी चूक कर रे.